जाहिरातीखाली गेलेली तारीख

ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी अर्ज कसा करायचा, हे मी सोप्या मराठीत एका पानावर लिहून काढलं होतं. तेव्हा शेतकरी सोडतीनं निवडत. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ‘मुदतीत अर्ज करा, घाई नको. सोडतीत सगळे सारखेच.’ तळाला शासन निर्णयाचा आधार दिला आणि ‘शेवटची पडताळणी’ म्हणून ठळक तारीख टाकली. पान आमच्या बावडा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलं आणि गावभर कौतुक गोळा करत हिंडलो.

पुढे सोडत बंद झाली. जो आधी अर्ज करील त्याला आधी, असा नियम आला. मी लगेच नवं पान दुकानात दिलं.

काही दिवसांनी पेरूची बाग असलेल्या शेजारच्या मावशी माझं जुनंच पान घेऊन आल्या. तारखेच्या जागी दुकानाची जाहिरात होती, ‘सर्व फॉर्म भरून मिळतील.’

‘‘अर्ज केलाय ना, मावशी?’’

‘‘न्हाय की. तुमीच लिवलंय, घाई नको. म्हटलं, तोडणी उरकू द्या.’’

तालुक्याचं यंदाचं अनुदानाचं उद्दिष्ट तोवर भरलं होतं. बागेला यंदा ठिबक नव्हतंच.

मावशींना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराला जाब विचारला, तर तो म्हणाला, ‘‘काका, जुन्या प्रती उरल्या व्हत्या. आन् तारीख ठेवली तर जाहिरात कुठं बसवू?’’

मावशींनी पान घडी घालून माझ्या हातात दिलं. ‘‘लई सोपं लिवलं व्हतं तुमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणून कुणाला इचारलं न्हाय.’’