न खाल्लेलं व्याज

घाटंजीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कापसाच्या जिनिंग मिलवाले माझ्या बिलातून टॅक्स कापतात. एका वर्षी कमाईच कमी होती, म्हणून कापलेलं सगळं परत मिळायचं होतं. रिटर्न वेळेत भरलं, तरी रिफंड यायला वर्ष उलटून गेलं. आधी मुद्दल आलं. मागाहून बँकेच्या मेसेजमध्ये दुसरी, वेगळी जमा दिसली: उशिराचं व्याज.

आमच्या घरात व्याज खात नाहीत. अब्बांच्या काळापासून ते गरजूला देऊन टाकतात, आणि त्याच्या सवाबाची, पुण्याची आशाही धरत नाहीत. जमा वेगळी दिसली म्हणून बरंच वाटलं, निवडत बसायला नको. तेवढीच रक्कम काढली आणि सरकारी दवाखान्यात एका बाईच्या औषधांना दिली.

पुढच्या रिटर्नला टॅक्सच्या वकिलांनी ती व्याजाची रक्कम माझ्या उत्पन्नात धरली.

"काहून?" मी भडकलो. "मी त्यातला रुपया नाही खाल्ला!"

"खाल्लं का वाटून टाकलं, ते कोणी पाहत नाही भाऊ. मुद्दल तुमचंच होतं, त्याच्यावर टॅक्स नाही. व्याजावर आहे."

"उशीर त्यायनं केला, व्याज मी मांगलं नाही, अन् टॅक्स मीच भरू?"

"भरा लागते."

भरला, आणि वेळेत भरला. मी थकवला असता तर टॅक्सवाल्यांनी महिन्याला एक टक्का व्याज लावलं असतं. मला दिलं होतं ते अर्धा टक्का.

त्यांच्या घरात व्याज चालतं ना!