हात कुणापुढे टेकले

इस्पितळात तिला सगळे दुभाषी बाई म्हणत. त्याआधी ती शाळेत मराठी शिकवायची आणि तिथे तिची दहशत होती. उत्तरपत्रिकेत कुणी म्हणीच्या जागी वाक्प्रचार लिहिला की बाई अर्धा गुणसुद्धा द्यायच्या नाहीत. "म्हण आणि वाक्प्रचार एकाच प्रश्नात विचारतात, म्हणून ते एकाच आईच्या पोटचे होत नाहीत," असं म्हणायच्या. पोरं मागच्या बाकावर नाकं मुरडायची.

नवऱ्याच्या नोकरीपायी घर हललं, शाळा सुटली. नव्या शहरात डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि मराठीखेरीज काही न येणारी माणसं बरीच होती. परीक्षा देऊन बाई इस्पितळात लागल्या. काम दिसायला सोपं होतं. पेशंट आणि डॉक्टर यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसायचं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला द्यायचं. पेशंट "मला दुखतंय" म्हणाला की आपणही 'मला दुखतंय' असंच म्हणायचं, 'त्यांना दुखतंय' असं नाही. स्वतःचं काही बोलायचं झालं तर आधी "ही दुभाषी बोलतेय" असं बजावायचं, मगच तोंड उघडायचं.

वाक्प्रचारांनी तिथे रोज फजिती व्हायची. बाईंच्या आधी एक हौशी मुलगा हे काम करायचा. एका सुनेला दिवस गेलेत, हे त्याने इंग्रजीत 'तिचे दिवस संपले' असं सांगितलं, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठलेच होते. डोळे आलेल्या मुलाबद्दल त्याने 'डोळे पोहोचले' असं भाषांतर केलं होतं. उलट दिशेनेही तेच. डॉक्टर म्हणाले, "ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स," म्हणजे धोका अजून टळलेला नाही. त्याने सांगितलं, ते अजून जंगलाबाहेर आलेले नाहीत. पेशंटची बायको घाबरीघुबरी झाली. हे जंगलात गेले कधी?

नव्या डॉक्टरांना बाई चहाच्या वेळेत समजावून सांगायच्या. "वाक्प्रचार हा वाक्याचा तुकडा असतो. त्याला कर्ता लागतो, काळ लागतो. मी कंबर कसली, तो कंबर कसेल, तुम्ही कंबर कसा. तुमच्याकडे हार मानण्याला 'थ्रो इन द टॉवेल' आहे ना? ही थ्रू, आय विल थ्रो. माणूस बदलला की शब्द वळतात. म्हण मात्र वळत नाही. ती अख्खं वाक्य असते, तयार, जशीच्या तशी. तुमची ती अंड्यांतून पिल्लं निघायच्या आधी न मोजण्याबद्दलची आहे, ती काल म्हणा, उद्या म्हणा, राजाला म्हणा, हमालाला म्हणा, एकही शब्द हलणार नाही. कारण ती कुणा एकाबद्दल नसतेच. जगाबद्दल असते."

"म्हणजे पेशंट म्हण म्हणाला तर त्याने स्वतःबद्दल काही सांगितलं असं धरायचं नाही?" एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"सांगितलं असेल किंवा नसेलही. पण त्याचं स्वतःचं म्हणणं म्हणून ते लिहून घेऊ नका."

पुढे त्याच डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डात एक म्हातारा गवंडी आला. आयुष्यभर दगड कापून आणि सिमेंट कालवून त्याची फुफ्फुसं धुळीने भरली होती. दोन वाक्यांमध्ये त्याला थांबावं लागे, आणि श्वास घेताना खांदे कानांपर्यंत चढत. सोबत मुलगा आणि मुलगी होती. मुलगा फरशा बसवायचं काम करायचा, बापाच्याच हाताखाली शिकलेला. मुलगी एका दुकानात हिशेब बघायची.

डॉक्टरीणबाई पलंगाशेजारी बसल्या. थेट म्हाताऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं आणि दुभाषी बाईंनी ते शब्दशः मराठीत मांडलं. "बाबा, तुमचा श्वास कधीही कमी पडू शकतो. तसं झालं तर घशात नळी घालून मशीनवर ठेवता येईल. पण फुफ्फुसं आता सुधारायची नाहीत, त्यामुळे मशीनवरून पुन्हा उतरता येईलच असं नाही. नळी नको असेल तर श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ, आणि तुम्ही शांत असाल. तुम्हाला काय हवंय?"

म्हातारा छताकडे बघत राहिला. मग त्याने एक म्हण म्हटली. नशिबात जे असेल ते कुणाला चुकत नाही, अशा अर्थाची.

"बघा," मुलगी हळूच म्हणाली, "बाबा नको म्हणतायत."

"नको कुठे म्हणाले?" मुलगा उसळला. "आमच्यावर सोडतायत ते. सगळं करा, असंच म्हणतायत."

बाईंनी म्हण इंग्रजीत सांगितली आणि लगेच पुढे दोन्ही भाषांत म्हणाल्या, "ही दुभाषी बोलतेय. पेशंट म्हण म्हणालेत. ती सगळ्या माणसांबद्दल आहे. त्यात 'होय' नाही आणि 'नको'ही नाही."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. म्हाताऱ्याने दुसरी म्हण काढली. ही उलट्या दिशेची होती. जीव शाबूत असला की बाकीचं मिळवता येतं, असा तिचा अर्थ. मुलाचा चेहरा उजळला. "आता तरी पटलं? जगायचंय त्यांना."

डॉक्टरीणबाईंचा हात लिहायला पुढे सरकला होता. बाई पुन्हा मध्ये पडल्या. "ही दुभाषी बोलतेय. हीसुद्धा म्हणच आहे. आधीची इकडे ओढते, ही तिकडे. दोन्हींत पेशंट कुठेच नाहीत."

मुलाने बाईंकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. "तुम्ही व्याकरण शिकवायला आलायत का इथे? माणूस मरायला टेकलाय."

 बाईंच्या लक्षात आलं की हेही डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत द्यायचं आहे. त्यांनी शांत आवाजात दिलं, 'तुम्ही' हा शब्द तसाच ठेवून, त्याचा 'मी' न करता.

"ते नेहमी असंच बोलतात हो," मुलगी म्हणाली. "घरात भांडण झालं की म्हण. माझं लग्न मोडलं तेव्हाही म्हण. मला हे हवंय, मला ते नकोय, असं बाबा कधी बोललेच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं त्यांच्या मर्जीने बांधली. मालक म्हणेल तिथे भिंत."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "बाबा, जग काय म्हणतं ते मला कळलं. तुम्ही तुमचं सांगा. 'मी'पासून सुरुवात करा."

 म्हाताऱ्याने दोनदा ओठ हलवले. मग म्हणाला, "मी... हात टेकले."

 इतका वेळ बाई ज्याची वाट बघत होत्या ते आलं होतं. 'मी' होता, काळ होता, घडून गेलेली गोष्ट होती. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "आय हॅव गिव्हन अप." मुलगी रडू लागली.

"थांबा!" मुलगा ओरडला. "ते आम्हाला म्हणतायत. लहानपणापासून ऐकतोय मी. आम्ही दोघं भांडायला लागलो की आईसमोर येऊन म्हणायचे, या पोरांपुढे मी हात टेकले. कंटाळून. आत्ताही आम्ही त्यांच्या उशाशी भांडतोय म्हणून म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण खोलीतल्या सगळ्यांना तो प्रश्न कळला.

बाईंना वाटलं, बोलून टाकावं. म्हातारा दमलाय, त्याला सुटायचंय, डोळ्यांत दिसतंय की. पण डोळ्यांत दिसलेलं भाषांतर करायची त्यांना मुभा नव्हती. त्या म्हणाल्या, "ही दुभाषी बोलतेय. हा वाक्प्रचार आहे आणि तो पेशंटने स्वतःबद्दल वापरलाय. अर्थ हार मानली असा. पण हात कुणापुढे तरी टेकले जातात. आजारापुढे की मुलांपुढे, ते त्यांनी सांगितलेलं नाही. दोन्ही शक्य आहे. त्यांनाच विचारावं लागेल."

"कुणापुढे, बाबा?" डॉक्टरीणबाईंचा प्रश्न बाईंनी विचारला.

म्हाताऱ्याने बाईंकडे मान वळवली, तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. ओठ निळे पडले. नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं. उबळ ओसरली तेव्हा तो ग्लानीत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी ताजेतवाने असतील, तेव्हा पुन्हा विचारू.

पहाटेच श्वास खुंटला. ड्यूटीवर दुसरे डॉक्टर होते. कागदांवर नकार कुठेच नव्हता आणि मुलगा दारात उभा राहून करा, काहीही करा म्हणत होता. त्यांनी नळी घातली. बाई कामावर आल्या तेव्हा म्हाताऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते, नळी ओढून काढू नये म्हणून.

तो शुद्धीवर असा आलाच नाही. आठवडे गेले. पाठीला जखमा झाल्या, मग मूत्रपिंडं गेली, मग तोही गेला. त्या आठवड्यांत बाईंना त्या खोलीत कुणी बोलावलं नाही. जो बोलूच शकत नाही त्याला दुभाषी कशाला? तरी त्या वॉर्डावरून जाताना काचेतून बघत. मुलगी उशाशी बसलेली असे. मुलगा पायांना तेल लावत असे.

एकदा मुलीने त्यांना जिन्यात गाठलं. "मावशी, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांना इंग्रजीत नुसतं 'नको म्हणतायत' असं सांगितलं असतं, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग ते माझं म्हणणं झालं असतं, बाळ. त्यांचं नाही." बाईंनी हे शांतपणे सांगितलं, पण आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. मुलगी वर गेली.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने समजूत घातली, "तू चोख काम केलंस." हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्या ताटावरून उठल्या आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिल्या.

म्हातारा गेल्यावर काही दिवसांनी मुलगा इस्पितळात आला, उरलेलं सामान न्यायला. बापाचा चष्मा, वहाणा, एक स्वेटर. लिफ्टपाशी बाई उभ्या होत्या. त्या वाट सोडून निघणार तोच तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी बाबा नेमकं काय म्हणाले ते पुन्हा सांगाल?"

"मी हात टेकले. एवढंच."

"आजारापुढे असंही धरता आलं असतं."

"हो."

"आणि आमच्यापुढे असंही."

"हो."

त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बोटांच्या पेरांत अजून सिमेंट होतं. "आमच्यापुढेच," तो म्हणाला. "मीच त्यांना सोडायला तयार नव्हतो. ते सांगत होते, आणि मी त्यांना सांगू दिलं नाही. मग करणार काय म्हातारा?"

बाईंच्या मनात आलं, काहीतरी समजुतीचं बोलावं. अशा वेळी माणसं जे बोलतात ते सगळं ओठांवर आलं, पण त्या सगळ्या म्हणीच होत्या. लिफ्ट आली. तो आत गेला, वळून उभा राहिला, आणि दार लागेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत राहिली.