रफूकाकूंचा ताबा

रफूकाकूंना मी पहिल्यांदा भेटलो तो माझा काळा कोट घेऊन. न्यायालयाच्या बाकाला निघालेल्या खिळ्याने कोपरापाशी चांगला टीचभर फाटला होता. काकूंनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, कापड चांगलं आहे, तुम्ही मात्र नीट वापरत नाही.” तिसऱ्या दिवशी कोट परत आला, तेव्हा तो कुठे फाटला होता ते मलाच सापडेना. तेव्हापासून मी त्यांचा भक्त आहे. मला सहसा कुणाचं कौतुक करता येत नाही, माझी बायको याची साक्ष देईल.

काकू एका दुमजली घराच्या तळमजल्यावर बसत. पुढे ओसरी आणि मागे एक खोली. ओसरीत त्यांचं एक टेबल होतं, तिथे गिऱ्हाईक यायचं, कपडा द्यायचं, गप्पा मारायचं. खरं काम मागच्या खोलीत चाले. त्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती, आणि रफूच्या कामात खिडकी म्हणजे अर्धं हत्यार. करड्या रंगाच्याच सतरा छटा असतात म्हणे. दिव्याखाली त्या सगळ्या सारख्या दिसतात, पण गिऱ्हाईक बाहेर उन्हात गेलं की रफू ओरडून सांगतो, मी इथे आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, त्यात धागा फसवत नाही. काकूंची साठी उलटली होती, डोळे थकले होते. त्या खिडकीवर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

स्वभावाने मात्र बाई इतकी भिडस्त, की एखाद्याने पायावर पाय दिला तर याच माफी मागतील. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. थोरल्या मालकांनी बावीस वर्षांपूर्वी खोली दिली. तेव्हापासून “त्यांचे उपकार आहेत हो” हे पालुपद. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम देत होत्या, तरी उपकार! भीड भिकेची बहीण, असं म्हातारी माणसं उगाच सांगत नाहीत.

थोरले मालक वारले. घर मुलाच्या नावावर झालं, आणि मुलाने ते विकायला काढलं. घेणाऱ्याची अट एकच होती, घर रिकामं हवं. मुलाने काकूंना नोटीस पाठवली, पंधरा दिवसांत खोली सोडा. काकू नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या, जणू माझी खुर्चीसुद्धा उपकाराचीच होती.

“कागद काय केला होता?” मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. दर अकरा महिन्यांनी केलेले करार. प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक अक्षरात ‘परवाना करार’, आणि आत ठरलेलं वाक्य: खोलीचा ताबा मालकाकडेच राहील, परवानाधारकास केवळ वापरण्याची मुभा असेल. मी कपाळावर हात मारला.

काकूंना मी समजावून सांगितलं, तेच इथे सांगतो. एखादी जागा दुसऱ्याला वापरायला देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. भाडेपट्टा दिला, तर त्या मुदतीपुरता जागेतला हक्कच भाडेकरूकडे जातो. घर विकलं तरी तो हक्क तसाच राहतो. नव्या मालकाला भाडेकरूसकट घर घ्यावं लागतं, आणि त्याला काढायचं तर कायद्याने सांगितलेली कारणं लागतात. परवाना म्हणजे नुसती परवानगी. ती नसती, तर आत येणं घुसखोरी ठरलं असतं, एवढंच तिचं बळ. ती मागे घेतली किंवा घर विकलं गेलं, की बाडबिस्तरा गुंडाळायला थोडा वेळ मिळतो, बस्स.

“मग आमचं परवान्याचंच,” काकू म्हणाल्या. “लिहिलंयच की.”

“लिहिण्यावर जात नाही न्यायालय. बरणीवर साखर लिहून आत मीठ भरलं, तर चहा खारटच होणार ना? आत काय आहे ते बघतात. त्या खोलीत तुमचा एकटीचा ताबा होता का? दुसऱ्याला, अगदी मालकालासुद्धा, बाहेर ठेवायचा अधिकार तुमचा होता का? घोडं तिथे पेंड खातंय. कुलूप कुणाचं?”

“माझं. किल्ली माझ्याकडेच. लोकांचे महागाचे कपडे असतात ना.”

मी जरा ताठ बसलो. “मालक कधी न विचारता आत यायचे? त्यांचं सामान ठेवायचे? आणि तुम्ही कधी त्यांना अडवलंत?”

“छे छे!” त्या एवढ्या घाईने म्हणाल्या, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. “मी कशाला अडवीन? देवमाणसं ती!”

मी पंचवीस वर्षं वकिली करतो आहे. माणूस भलतंच जोरात ‘छे’ म्हणाला, की तिथे थांबून खणायचं, हे नवशिक्या पोरांना मीच शिकवतो. त्या दिवशी मी थांबलो नाही. दावा लावला, काकू भाडेकरू आहेत असं जाहीर करा आणि तोवर त्यांना काढू नका. मनाई हुकूम मिळाला, विक्री लटकली, मुलगा चिडला.

साक्षीच्या दिवशी काकू धुवट कपड्यांत, तळहात पुसत पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मुलाचे वकील गोड बोलून गळा कापणारे. त्यांनी ओसरीपासून सुरुवात केली. ओसरीत मालकांच्या खुर्च्या होत्या ना? होत्या. मालकांची स्कूटर तिथेच लागायची? हो. स्कूटर आत घ्यायची तर तुमचं टेबल बाजूला सारायचे? हो, मीच सारायची. ओसरीच्या दाराला कुलूप मालकांचं? हो.

काकू प्रत्येक ‘हो’ इतक्या आदबीने म्हणत होत्या, की मी बाकाखाली मुठी आवळून बसलो. आम्ही ओसरीही मागितली होती. ती गेली, हे मला कळून चुकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खोटं बोला असं सांगायची हिंमत मला कधी झाली नाही, आणि त्यांना जमलंही नसतं.

समोरचा वकील खुशीत आला. आणि खुशीत आलेला वकील जे करतो तेच त्याने केलं, एक प्रश्न जास्त विचारला.

“म्हणजे बाई, ओसरीसारखंच मागच्या खोलीतही मालक हवं तेव्हा येऊ शकत होते, हवं ते ठेवू शकत होते. बरोबर?”

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. न्यायाधीशबाईंनी मान वर केली. “उत्तर द्या.”

“एकदा…” काकूंचा आवाज चिरकला. “अठरा वर्षांपूर्वी माझ्या हातून एकदा फार वाईट वागणं झालं. शपथ घेतली आहे म्हणून सांगते. वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, त्यांची लोकरीच्या कपड्यांची पेटी माझ्या खोलीत ठेवायची होती. वर रंगकाम निघालं होतं. मी नाही म्हटलं. जुनी लोकर, तिच्यात कसरीची कीड असली तर लोकांच्या शालींना लागेल, या भीतीने. दारातच उभं केलं त्यांना. थोरले मालक पेटीचं दुसरं टोक धरून उभे होते. तशीच परत न्यायला लावली मी.” आणि त्या डोळ्यांना पदर लावून रडू लागल्या.

समोरच्या वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी मात्र खाली मान घालून कागद चाळत राहिलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. ज्या एका गोष्टीवर हा दावा तरायचा, ती गोष्ट ही बाई पाप म्हणून पोटात लपवून बसली होती. माझ्यापासूनसुद्धा!

पुढच्या तारखेला मुलाने आईलाच साक्षीला आणलं. आई सांगेल, बाईला उपकार म्हणून बसू दिलं होतं. मालकीणबाई आल्या, काठी टेकत, ताठ मानेने. तसं सांगितलंही. मग उलटतपासणीला मी उठलो. मी दोनच प्रश्न विचारले. पहिला, दरमहा पैसे घेत होता का, आणि काकू तुमच्या नात्यातल्या किंवा नोकरीतल्या होत्या का? पैसे घेत होतो, नात्यातल्या नव्हत्या, नोकरीतही नव्हत्या. दुसरा, पेटीचं काय झालं?

म्हातारीने काकूंकडे पाहिलं. मुलगा मागून खाकरला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

“परत नेली. मला राग आला होता. मी ह्यांना म्हटलं, घर आपलं आणि दारातून परत जायचं? तर हे म्हणाले, खोली तिला दिली आहे, आत काय ठेवायचं ते ती ठरवील.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि त्या पेटीत कसर निघाली. अर्धे स्वेटर खाल्ले होते. तिचंच बरोबर होतं.”

न्यायालयात हसायचं नसतं. न्यायाधीशबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

निकाल दोन महिन्यांनी लागला. ओसरी गेली. तिथे मालकांचा वावर कायम होता, काकूंचं टेबल परवानगीने होतं, तेव्हा तो परवानाच. पण खोलीबद्दल न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की, करारावरचं नाव आणि ठरावीक वाक्य काहीही असो, कुलूप, किल्ली आणि बाहेर ठेवण्याचा अधिकार बाईंकडे होता, आणि तो मालकाने स्वतः मानला होता. नुसत्या एकट्या ताब्यावरही सगळं ठरत नाही. पाहुणा किंवा राखणदारही एकटाच राहतो. पण इथे नातं नव्हतं, नोकरी नव्हती, दरमहा मोबदला होता. म्हणून खोली भाडेपट्ट्याची, आणि घर कुणीही घेतलं तरी बाई भाडेकरूच राहतील.

मी निकाल घेऊन स्वतः गेलो. काकू खिडकीत एक करडी शाल घेऊन बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं, सोपं करून सांगितलं. वाटलं, आता पेढे नाही तरी निदान हसतील. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

“वकीलसाहेब, म्हणजे त्या दिवशी मी नाही म्हटलं, तो माझा हक्क होता?”

“हक्कच होता, काकू.”

“आणि वहिनींनाही ते ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं.”

त्यांनी शाल मांडीवरून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “मग अठरा वर्षं मी त्यांच्यासमोर मान खाली घालून का वावरले हो?”