ग्राहकाच्या विनंतीवरून

तळोज्याला सकाळी पाऊस नुसता पडत नाही, तो आजूबाजूच्या कंपन्यांचा धूर घेऊन खाली उतरतो. अर्पिता बसमधून उतरली तेव्हा गेटपाशी गुडघाभर खड्डा पाण्याने भरला होता आणि हवेला सडक्या बदामासारखा वास येत होता. छत्री एका बाजूने मोडलेली. बूट भिजले, मोजे भिजले, आणि अंगावरचा इंटर्नचा बिल्लासुद्धा भिजला.

जागेवर तिची वाट बघत कालच्या पोचपावत्या पडल्या होत्या. ड्रायव्हर माल पोचवून गिऱ्हाइकाची सही-शिक्का असलेली प्रत आणतात, ती पावसात भिजून ओल्या पापडासारखी झालेली असते. ती एकेक सोडवायची, पंख्याखाली टेबलभर पसरायची, वर पेपरवेट ठेवायचं, वाळली की स्कॅन करून ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या सगळ्या खात्यांच्या सामाईक सिस्टीममध्ये, चिकटवायची. घणसोलीच्या कॉलेजातून 'ईआरपी शिकायला' आलेली पोर दोन आठवडे हेच शिकत होती.

"आजपासून तुझं खरं काम," भावेश सर जाता जाता म्हणाले. सेल्स आणि डिस्पॅच दोन्ही त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण चालता चालताच बोलायचा. "एक सेल्स ऑर्डर घे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माग काढ, प्रत्येक मॉड्यूलमधून. प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट. शुक्रवारी प्रेझेंटेशन. आणि क्लीन ऑर्डर घे हां, भानगडवाली नको."

क्लीन कोणती ते तिला काय कळणार? तिने 'वेळेत' असलेल्या ऑर्डरींचा अहवाल उघडला. वरपासून खालपर्यंत हिरवागार. त्यातली सगळ्यात छोटी उचलली: चार ड्रम रेझिन, गिऱ्हाईक धर्मा नाखवा, करंजा. होडीच्या लाकडावर फायबरचा थर चढवायला लागतं ते रेझिन. चार ड्रमांचा माग काढायला कितीसा वेळ लागणार, असं तिला वाटलं.

सुरुवात सेल्सपासून. तिथे क्रांती मॅडम. नावड्याला राहायच्या, डबा उघडा ठेवून एका हाताने टाईप करायच्या. त्यांनी दाखवलं: ऑर्डर मे महिन्यात टाकली, उधारीची मर्यादा तपासली गेली, ठीक. मग सिस्टीमने विचारलं, माल आहे का? नव्हता. म्हणून मागणी नियोजनाकडे गेली.

"म्हणजे कागद तिकडे जातो?"

"कागद कशाला जातोय? ऑर्डर इथेच. तिच्या नावाने दुसरीकडे दुसरी ऑर्डर जन्मते. खरेदीत खरेदीची, उत्पादनात उत्पादनाची. सगळ्यांचे नंबर वेगळे. जा, शोध."

आणि फोन वाजला. क्रांती मॅडमनी नंबर बघितला आणि पोळीचा घास मोडला. "उचल गं तू. सांग, प्रोसेसमध्ये आहे."

"प्रोसेसमदी हाय, प्रोसेसमदी हाय," पलीकडचा माणूस म्हणाला, "पोरी, होरी माजी उघरी परलीय. जुना थर खरवरून टाकला. कवा देनार ते बोल."

अर्पिताला बोली लगेच ओळखू आली, होडीला होरी म्हणणारी. तळवलीत तिचे काका असेच बोलतात. तिने नाव विचारलं. धर्मा नाखवा. चार ड्रम.

तिने स्क्रीनवर नंबर जुळवून बघितला. तिची हिरवीगार, क्लीन ऑर्डर. माल गेलेलाच नव्हता.

मग ती उठली आणि दिवसभर त्या चार ड्रमांच्या मागे चिखलातून फिरली. खरेदीवाल्याने दाखवलं, रेझिनला लागणारं स्टायरीन द्रोणागिरीच्या गोदामातून मागवलं, आलं. "आमच्याकडे हिरवं आहे." स्टोअरने दाखवलं, स्टायरीन उतरवून घेतलं, उत्पादनाला दिलं. "आमच्याकडून क्लोज." उत्पादनात सनी म्हणून पोरगा होता, तो हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवत म्हणाला, "अगं बनलंय ना. एकदा नाय, दोनदा बनलंय. जूनमधे एक बॅच, परवा एक." प्रयोगशाळेत बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, नमुना पास झाला की आम्ही सिस्टीमला निर्णय देतो, तोवर माल अडकलेला दिसतो, दोन्ही बॅच पास आहेत, जूनची तेव्हाच, ही आज दुपारी, बघून घे.

बघून घेतलं. सगळं खरं होतं. माल बनला, पास झाला, मोकळा झाला, आणि धर्मा नाखव्यापर्यंत पोचला नाही. ज्याला विचारावं त्याचं अंगण झाडलेलं. तिला रडू येत नव्हतं, चीड येत होती. नेमकी कोणावर यावी ते कळत नसल्यामुळे जास्त येत होती. तिच्याकडे सगळं बघायची परवानगी होती. बदलायची कशाचीच नव्हती.

शेवटी ती नियोजनातल्या हौसेराव काकांकडे गेली. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, खुर्चीत मांडी घालून बसणारे.

"काका, जूनची बॅच याच ऑर्डरसाठी बनली ना? मग गेली कुठे?"

"आगं, बॅचवर कुनाचं नाव नसतंय. माल मोकळा झाला की राती सिस्टीम वाटप करती. पंगत बसल्यागत. ज्याची मागनीची तारीख, म्हंजी माल कवा पायजे ती, आदी, त्याला आदी वाढायचं. संपलं की खालचं उपाशी."

"पण यांची तर मे महिन्याची ऑर्डर आहे. तारीख जूनची. हे पहिल्या पानावर पाहिजेत."

हौसेरावांनी माऊस उगाच हलवला.

"काका, ऑर्डरमधले बदल कुठे दिसतात?"

"दिसत्यात की. वर, त्या मेनूत."

तिने उघडलं. मागणीची तारीख: जूनचा मध्य. मग जूनअखेर. मग जुलैचा पहिला आठवडा. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. दर वेळी मुदत उलटायच्या आदल्या दिवशी बदललेली, आणि दर वेळी कारणाच्या रकान्यात तेच: ग्राहकाच्या विनंतीवरून. बहुतेक ठिकाणी क्रांती मॅडमचं नाव. एका ठिकाणी हौसेरावांचं.

"ही एक तुमची आहे."

"हाय. स्टायरीन उशिरा आलं तवा केली. तारीख उलटली की ओळ लाल व्हती, आन् लाल ओळ साहेबाला चालत न्हाय. पुढं ढकलली की हिरवी."

"आणि पुढं ढकलली की पंगतीत मागे."

"व्हय," हौसेराव म्हणाले. "त्ये कुनी बघत न्हाय."

अहवाल हिरवा राहावा म्हणून तारीख पुढे. तारीख पुढे म्हणून नंबर मागे. नंबर मागे म्हणून माल नाही. माल नाही म्हणून तारीख परत पुढे. चार ड्रमांनी कारखानाभर सगळ्यांना कामाला लावलं होतं आणि त्यांच्यासाठी बनलेलं रेझिन दुसऱ्याच्या ताटात पडलं होतं.

भावेश सर जिन्यात सापडले. तिने एका दमात सांगितलं. जुनी तारीख परत घातली तर आज रात्रीच्या वाटपात ड्रम मिळतील.

"आणि उद्या सकाळी अहवालात महिनाभर उशीर दिसेल. हेड ऑफिसला कोण उत्तर देणार, तू?" ते दोन पायऱ्या खाली उतरले, परत वळले. "शिवाय आजची बॅच पुण्याच्या पार्टीला द्यायची ठरलीय. त्यांचे चार कमी पडतील. ते वर्षाला ट्रकने घेतात, हा चार ड्रमवाला. तुला म्हटलं होतं क्लीन घे. दुसरी घे."

"सर, मी क्लीनच घेतली होती. तुमच्याच रिपोर्टमधून."

ते गेले. तिला वाटलं आपण जरा जास्तच बोललो, आणि मग वाटलं की कमीच बोललो.

संध्याकाळी परत फोन वाजला. क्रांती मॅडम पर्स आवरत होत्या. "सांग गं, प्रोसेस..."

अर्पिताने उचलला. "नाखवा, एक इचारू? तुमी तारीख पुरं ढकला म्हनून कवा फोन केलतां?" बोली आपोआप बाहेर आली.

"मी? मना काय येर लागलंय? एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. थर चढवून सुकवायला आठ-दहा दिस पायजेत, ते पन पाऊस धरून. खलाशी इचारतान रोज, होरी पान्यात जानार का आमी दुसऱ्याची धरू. कोनी सांगितलां मी तारीख मागितली?"

"थांबा," अर्पिता म्हणाली आणि रिसीव्हर क्रांती मॅडमपुढे धरला. "मॅडम, हे विचारतायत, त्यांनी तारीख कधी मागितली. तुम्ही लिहिलंय. तुम्हीच सांगा."

क्रांती मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर फोन खाली ठेवला असता. अर्पिताने हात मागे घेतला नाही. शेवटी मॅडमनी फोन घेतला. दोनदा "हो", एकदा "नाही, तुम्ही नव्हतं सांगितलं". मग फोन ठेवला, पर्स खाली ठेवली आणि कॉम्प्युटर परत चालू केला.

"चार वर्षं ढकलतेय मी तारखा. रोज सकाळी पहिलं काम तेच. असं कोणी फोनवर धरलं नव्हतं मला." त्यांनी जूनची तारीख घातली. सिस्टीमने पिवळा इशारा दिला की तारीख होऊन गेलेली आहे. त्यांनी एंटर दाबलं. "पुण्याचे ओरडतील ते मी बघते. सर ओरडतील ते तू बघ."

सकाळी ऑर्डर पंगतीत पहिली बसलेली होती. चार ड्रम कन्फर्म. मग जे महिनाभर झालं नव्हतं ते दुपारपर्यंत झालं: डिलिव्हरी तयार झाली, गोदामात ड्रम काढले, माल बाहेर गेल्याची नोंद पडली तसा साठ्यातून वजा झाला, बिल निघालं, हिशेबात धर्मा नाखव्याच्या नावे येणं चढलं. अर्पिताने प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट घेतला. टेम्पो खड्ड्यातून हेलकावत गेटबाहेर पडला.

अहवालात एक ओळ लाल. भावेश सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्रेझेंटेशनमध्ये ही घालायची नाही," ते म्हणाले. "दुसरी काढ. शुक्रवारला वेळ आहे अजून."

"बदलांचं पान तरी राहू दे, सर. शिकले ते तिथेच शिकले."

"ते तर अजिबात नको."

म्हणजे परत सेल्सपासून सुरुवात. तिने धर्मा नाखव्याला फोन लावला, पोचलं का विचारायला.

"पोचला. चांगला हाय माल. पन दोन खलाशी गेलं, दुसऱ्याच्या होरीवर चरलं. पयल्या दिशी नाय जमनार आता. बगू पुरच्या उधानाला." मग म्हणाला, "तू कुटची गो?"

"तळवलीची."

"तरीच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाहेर पावसाने परत धरलं होतं. ड्रायव्हर ओल्या पोचपावत्यांचा गठ्ठा टेबलावर टाकून गेला. सगळ्यात वर करंज्याची, सहीखाली निळ्या पेनाने लिहिलेलं, शाई थोडी पसरलेली: माल मिळाला. उशिरा. अर्पिताने ती हलक्या हाताने सोडवली, पंख्याखाली ठेवली, कोपऱ्यावर पेपरवेट ठेवलं आणि खालची सोडवायला घेतली.