वायसरचा डबा आणि मिक्सरचा नळ

१४ मे २०१७. सिंकवरचा गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ टपटपतो आहे. उघडून पाहायचा.

नळ गळत होता आदल्या दिवसापासून. त्यावरून मी वडिलांना बोलले होते. ते नळाचा दांडा खाली दाबायचे तो अंगातला सगळा जोर लावून. "बाबा, ह्याला बोटानं बंद करायचं असतं. मोडून टाकाल," असं मी म्हणाले, आणि आवाज चढवून म्हणाले. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली. "परवाच्या गाडीनं आसगावले जातो. इथं माह्यं काही काम नाही."

आई गेल्यावर आसगावच्या घरात ते एकटेच राहायचे. आदल्या वर्षी तिथल्याच अंगणात ते सकाळी पडले आणि शेजाऱ्यांना कळलं दुपारी. तेव्हाच मी त्यांना माझ्याकडे आणलं, आणि ते घर बंद होतं.

वडिलांची नोकरी होती जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टरच्या देखभालीवर. सगळ्या क्वार्टरला पितळी नळ होते. मूठ फिरवली की आतला दांडा खाली उतरायचा आणि त्याच्या टोकाचं रबरी वायसर पितळी सीटवर दाबलं जायचं. रबर कडक झालं की नळ टपटपायचा, मग लोक आणखी घट्ट पिळायचे. आमच्या सगळ्या लायनीतल्या बायकांची मनगटं त्यामुळेच मजबूत होती. रविवारी वडील घरचा नळ उघडायचे आणि पान्हा माझ्या हातात असायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचं किंवा तुटलेल्या चपलेचं वायसर कापून घ्यायचे. जुनं वायसर मला दाखवायचे, त्यावर सीटची गोल खाच उमटलेली असायची. "नवं टाकूनही टपकलं तं मंग सीट खराब," असं सांगायचे. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. पावडरच्या रिकाम्या डब्यात ती वायसरं खुळखुळायची. तो आवाज मला अजून आवडतो.

शहापूरच्या माझ्या घरात तो डबा त्यांच्या उशाशी असतो.

प्लंबरने फोनवरच सांगितलं, "कार्ट्रिज गेलं ताई, नवीनच लागेल."

"न पाहताच?" वडील खाटेवरून म्हणाले. "डॉक्टरले तं नाडी लागते. ह्याले काहीच लागत नाही?"

मी म्हटलं, "मग तुम्हीच पाहा."

ते उठले. आधी नळ बंद करून थेंब पाहत उभे राहिले. बंद केल्यावर तोटीत राहिलेलं पाणी थोडा वेळ गळतंच, तो दोष नव्हे. पाच मिनिटांनीही थेंब थांबेना. मग सिंकखालचा गार पाण्याचा कॉक बंद केला, तर थांबला. तो उघडून गरम पाण्याचा बंद केला, तर पुन्हा टपटप.

"गारकडून येऊन राहिलं. कधीपासून?"

"कालपासून."

"अन् टाकी कधी धुतली?"

टाकी परवा धुतली होती, आणि धुताना तळची वाळू पाइपात उतरते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन्ही कॉक बंद केले. दांडा उचलून उरलेलं पाणी सोडलं. दांड्याचा बारीक स्क्रू, वरची टोपी, मग नट, असं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी काढलं. हातात आलं ते एक प्लास्टिकचं गोल डबडं, तेच कार्ट्रिज. आत दोन गुळगुळीत चकत्या असतात, सिरॅमिकच्या. त्या एकमेकींवर सरकतात, भोकं जुळली की पाणी येतं. दाबून काही होतच नाही.

"ह्याले वायसर कुठं आहे?" वडिलांचा चेहरा उतरला. वायसरांचा डबा त्यांनी शेजारी आणून ठेवला होता.

मी डबडं उलटं केलं. बुडाला रबरी सील होतं, नळाच्या अंगाशी टेकणारं. गार पाण्याच्या भोकापाशी त्यात वाळूचा एक कण रुतला होता.

वडिलांनी चष्मा पुसला. "म्हंजे शेवटी रबरच ना!"

"रबरच."

"मंग एवढा थाट कायले?"

कण काढला. रबरावर बारीक खड्डा होता, पण फाटलं नव्हतं. नळाच्या आतली वाळू कपड्याने पुसली, कार्ट्रिज खाचेत बसवलं, नट आवळला. मी पान्हा फिरवत होते आणि ते म्हणत होते, "बस, बस. आता नको दाबू. मोडशीन!" माझंच वाक्य, माझ्याच सुरात. आम्ही दोघंही हसलो. कॉक उघडले, नळ बंद केला, पाच मिनिटं थांबलो. थेंब नाही.

समोरच्या वहिनी दारातून पाहत होत्या. "काका, आमचाबी बाथरूमचा टपकून राहिला जी."

"बुधवारी पाहतो," वडील म्हणाले. गाडी उद्याची, सोमवारची होती. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी केली आणि त्यातले सगळे कपडे भिजवून टाकले.