तीन काळ्या रेघांची वायर

नव्वदच्या दशकात, मी प्राथमिक शाळेत असताना, वडिलांनी साखर कारखान्याच्या तळावरून घरी येताना डेक आणला होता. ट्रकमध्ये भांडी, कोयते, शेळी आणि गोधडीत गुंडाळलेला तो डेक. ऊसतोडीला जाताना तो घरीच राही. आल्यावर वडील ओटीवर ठेवून कॅसेट लावत आणि तिच्या बरोबरीनं स्वतः गात. आमच्या वस्तीत भीमजयंतीला, लग्नाला, नामकरणाला त्यांचाच आवाज असे. त्यांच्याच कष्टावर मी पाथर्डीला कॉलेज केलं आणि घरातला पहिला पदवीधर झालो.

वडील गेले, त्याला वर्ष होत आलं. वर्षाचा विधी, पुण्यानुमोदन, आईनं पंधरा दिवस अलीकडे घेतलं, कारण ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी कारखान्यावर निघणार होती. वडिलांबरोबर गाणारे सगळे त्याच टोळीत. वडिलांचं एकच गाणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ते सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावं, एवढीच आईची इच्छा.

मी आदल्या दिवशीच फुशारकीनं म्हणालो होतो, "काळजी करू नको, डेकवर लावतो."

माझ्या नव्या फोनला हेडफोनचं भोक नव्हतं. चार्जिंगच्या जागी लावायचा छोटा अॅडॉप्टर आणि दोन्हीकडे पिना असलेली वायर मी नगरहून घेतली होती. बुद्धवंदना झाली, चहा झाला. मी अॅडॉप्टर फोनला लावला, वायरची एक पिन त्यात आणि दुसरी डेकच्या मागे 'लाइन इन'मध्ये घातली. बटण टेपवरून लाइनवर सरकवलं आणि चाचणी म्हणून फोनमधलं एक सिनेमातलं गाणं लावलं.

ढोलकी वाजली, बासरी वाजली. गाणाऱ्याचा आवाज मात्र जवळजवळ नाहीच. होता तो कुठंतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

टोळीचे मुकादमकाका म्हणाले, "वाजवनारे आले वाटतं, गानारा एस्टीत आडकला काय रं?"

सगळे हसले. मीही हसलो आणि वडिलांचं गाणं लावलं. फोनवर रेघ पुढं सरकत होती, डेकमधून काहीच नाही. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसती खरखर.

वायर काढून फोनवर लावलं, तर तिथं गाणं नीट होतं. मागं बसलेल्यांना ऐकू जात नव्हतं, एवढंच.

"येकेकाच्या कानाला लावू का?" मी आईला विचारलं.

"कानाला लावून ऐकायचा मानूस हुता का त्यो?" ती म्हणाली.

पुन्हा जोडलं. पुन्हा शांतता. पंधरा-वीस माणसं माझ्याकडं बघत होती. कान तापले आणि तोंडून गेलं, "फोन चांगलाय. डेकच गेलाय. हा भंगारात द्यायला पाहिजे आता."

कुणी हसलं नाही. मुकादमकाका खाली बघत तंबाखू मळू लागले. आई उठली. तिनं डेकची मूठ धरली आणि आत नेण्यासाठी तो आपल्याकडं ओढला. वायर ताणली गेली.

आणि डेकमधून वडील गायला लागले. मोठ्यानं, मधल्याच कडव्यापासून.

आई जागीच थांबली. वायर सैल पडली आणि आवाज पुन्हा गेला.

मी डेकच्या मागं वाकून पाहिलं. ताणल्यानं पिन जराशी बाहेर आली होती, सैल होताच वाकडी झाली होती. तिच्यावर तीन काळ्या रेघा होत्या. डेकच्या जुन्या भोकाला दोन रेघांची पिन लागते. जास्तीचा भाग माइकचा. पूर्ण आत घातली की परतीची तार जुळत नाही. मग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असणारा आवाज, म्हणजे गाणाऱ्याचा, एकमेकांत मिटून जातो. वडिलांचं रेकॉर्डिंग तर दोन्हीकडं अगदी सारखंच, म्हणून ते सगळंच मिटलं. डेक ठणठणीत होता. वायर माझी चुकली होती.

"डेकला काही झालं नाही," मी म्हणालो. "वायर मी चुकीची आणली."

"मग आता?" आईनं विचारलं.

"धरून बसतो."

डेक ओटीच्या कडेला ठेवला. मी त्याच्या मागं भिंतीकडं तोंड करून उकिडवा बसलो, हात मागं नेऊन पिन केसभर बाहेर ओढून दोन बोटांत धरली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. आधी वडिलांचा खोकला आला. मग, "चालू झालं का रं?"

"व्हय, झालं," मागून मुकादमकाका म्हणाले.

दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी धरलं. बोटांना मुंग्या आल्या, तरी मी हललो नाही. मला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, आणि माझं कुणाला दिसत नव्हतं, हेच त्या वेळी बरं वाटलं. मी ज्याला भंगार म्हणालो होतो, त्यावर आई टेकून बसली होती. तिचा आवाज मला अगदी जवळून येत होता.