उलटा बाण

मी कॉलेजात शिपाई. अक्षराशी वैर, पण सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर कागदाच्या नकला काढायचं काम माझ्याकडंच. आमच्या तरण्या सरांनी पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी सोडवलेलं गणित स्टेन्सिलवर काढून दिलं. खिळ्यानं जोडलेल्या दोन दांड्यांचा सांगाडा. अख्खा काढला तर मधल्या खिळ्याचा जोर दिसत न्हाय, म्हणून दांडे सुटे काढलेले. खिळ्यापाशी एकावर जोराचा बाण उजवीकडं, दुसऱ्यावर डावीकडं. मला वाटलं, सर घाईत चुकले. स्टेन्सिलवरची चूक बुजवायचं लाल औषध लावून मी दुसराबी उजवीकडं फिरवला. लई शाणा की मी!

कागद वाटले तवा वर्गात मागं प्रिन्सिपॉल सरांचं शिकवणं बघायला बसलेले, सरांची नोकरी अजून कच्ची. पोरगं उठलं, "सर, दुसऱ्या दांड्यावरनं उत्तर उलटं येतंय."

सरांनी कागद बघितला, दारातल्या मला बघितलं आन म्हणाले, "चूक माझी."

मग बाहेर आले. "मामा, माझा हात वढा." मी वढला. "तुमी मला हिकडं वढताय, मग मी तुमाला कुटं?"

"तिकडं, सर."

"तेच बाण व्हते."

त्या साली सर पक्के झाले न्हाईत. का, ते मला कुणी सांगितलं न्हाय, आन मी इचारलंबी न्हाय.